'टर्न-बेस्ड' लिहिलंय म्हणून गेम घेऊ नका: हाताची घाई न करता खेळायचा आरपीजी कसा निवडायचा

यावलला माझा चुलतभाऊ असतो, आम्ही त्याला दादाच म्हणतो, वय 46, दिवसभर केळीचे घड आणि ट्रक आणि मजूर, रात्री जेवण झालं की 10 ते 11 लॅपटॉप. बुद्धिबळ चांगलं खेळतो, रमी त्याहून चांगली. मागच्या वर्षी मी त्याला मोठ्या तोऱ्यात एक आरपीजी, म्हणजे पात्रं घेऊन मोठी गोष्ट खेळायचा गेम, घेऊन दिला, म्हटलं दादा हा टर्न-बेस्ड आहे, तुझी पाळी तू हवा तेवढा वेळ विचार कर. चौथ्या दिवशी फोन आला, "अरे भो, हे त क्रिकेट आहे, समोरचा बॉल कधी टाकतो तेच बघत बसायचं, मले जमत नही हे." आणि त्याचं बरोबर होतं. त्याच्या टर्नला गेम थांबत होता, पण शत्रूच्या टर्नला बरोबर क्षणी बटन दाबून वार चुकवायचा होता. स्टोअरवरचं लेबल खोटं नव्हतं, मीच अर्धं वाचलं होतं.

हीच चूक भरपूर लोक करतात. 'टर्न-बेस्ड' हा शब्द एवढंच सांगतो की लढाईत पाळ्या आहेत, घड्याळ कुठे कुठे चालू राहतं ते सांगत नाही. ते तीन ठिकाणी लपलेलं असू शकतं: शत्रूच्या टर्नमध्ये, तुमच्या स्वतःच्या टर्नमध्ये, आणि लढाईच्या बाहेर. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय, मधली पायरी सोडू नका, कारण जी सोडाल नेमकी तिथेच फसाल.

## आधीची तयारी: नक्की काय नको आहे ते काढून घ्या

गेम शोधायला बसण्याआधी खेळणाऱ्याशी दहा मिनिटं बोला (स्वतःसाठी शोधत असाल तर स्वतःशी). "मला फास्ट गेम आवडत नाही" एवढ्यावर काही ठरत नाही, कारण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकाला चारही नको असतात असं नाही.

पहिली, नेमक्या क्षणी बटन दाबणं. दुसरी, एकच बटन धडाधड दाबत राहणं, ज्यांचं बोट किंवा मनगट दुखतं त्यांना हे जास्त नडतं. तिसरी, विचार करताना वर घड्याळ पळत असणं. चौथी, चार-पाच पात्रं एकाच वेळी हलतायत आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायचंय, म्हणजे बटनाची घाई नाही पण डोळ्यांची आहे.

थेट विचारलं तर माणूस नीट सांगत नाही, म्हणून असं विचारा: कुठले गेम अर्धवट सोडले, आणि नेमके कुठे सोडले? दादाने दोन सांगितले. एक मी दिलेला, तो पहिल्या मोठ्या बॉसला सोडला. दुसरा जुना, लढाई चालू असताना स्पेसबार दाबून थांबवायचा, तो त्याला "गर्दी होते" म्हणून नको झाला. म्हणजे त्याला पहिली आणि चौथी गोष्ट नको. तिसरीचं काय ते विचारलं तर म्हणे थोडं घड्याळ चालेल, रमीत पण समोरचा घाई करतोच की.

तपासा: 'इतक्या टर्नमध्ये संपवा' अशी मर्यादा आणि घड्याळ एकच समजू नका. आठ टर्नची मर्यादा असेल तरी प्रत्येक टर्नला तुम्ही चहा करून येऊ शकता. बुद्धिबळवाल्यांना हे बहुतेक वेळा आवडतंच, त्यामुळे असे गेम उगाच यादीतून काढू नका.

## 1. शत्रूच्या टर्नमध्ये तुमच्या हाताला काम आहे का?

सगळ्यात आधी हेच बघायचं, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि शोधायला सगळ्यात सोपं पण हेच आहे.

यूट्यूबवर त्या गेमचा बडबड नसलेला व्हिडिओ लावा, पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या, एखादी बॉसची लढाई शोधा. आता खेळणाऱ्याच्या टर्नकडे बघूच नका, फक्त शत्रू वार करतो तेव्हा बघा. पडद्यावर बटनाचं चिन्ह येतं का, गोल आकसत जातो का, पात्र बाजूला उडी मारतं का, खट्ट असा आवाज येऊन नुकसान शून्य होतं का. यातलं एक जरी दिसलं तरी तिथे टायमिंग आहे.

आता ते टायमिंग कुठल्या जातीचं आहे ते ठरवायचं, कारण तीन जाती आहेत आणि तिघींचा निकाल वेगळा.

पहिली जात, जिथे टायमिंग हीच लढाई आहे. 2025 चा क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन 33 घ्या. तुमच्या टर्नला सगळं थांबलेलं, पण शत्रूचा वार चुकवणं किंवा परतवणं हे त्या त्या क्षणी हाताने करायचं. सोप्या लेव्हलला वेळेची खिडकी मोठी होते, तुमच्या वाराच्या वेळचे बटन-खेळ आपोआप व्हावेत असं सेटिंग पण आहे, पण शत्रूचे वार चुकवणं काही आपोआप होत नाही. 2015 चा अंडरटेल याच्याही पुढचा, तिथे मेनूतून शांतपणे निवड करायची आणि शत्रूच्या टर्नला एका चौकटीत छोटंसं हृदय इकडेतिकडे पळवत गोळ्या चुकवायच्या. गोष्ट कितीही भारी असू दे, आपल्या माणसाला हे देऊ नका.

दुसरी जात, जिथे टायमिंग म्हणजे वरची मलई. याकुझा: लाइक अ ड्रॅगनमध्ये बरोबर वेळी बटन दाबलं तर नुकसान कमी होतं, काही स्किलला बटन दाबत राहिलं तर जोर वाढतो. नाही दाबलं तरी वार लागतोच, फक्त थोडा हलका, आणि तेवढ्याची भरपाई पात्रांची लेव्हल वाढवून होते. सी ऑफ स्टार्स पण साधारण याच घरातला, शिवाय त्यात टायमिंग नको असणाऱ्यांसाठी तब्येत वाढवणारं एक ताईत आहे, मेनूत चालू करायचं की झालं. अशा गेमबद्दल खेळणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की हे बटन दिसेल, सोडून द्यायचं. काहींना सोडून देणं जमतं, काहींना प्रत्येक चुकलेलं बटन टोचत राहतं. दादा दुसऱ्या प्रकारचा आहे.

तिसरी जात, जिथे काहीच नाही. ड्रॅगन क्वेस्ट 11 एस, ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर, चेन्ड एकोज, डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2, बाल्डर्स गेट 3. शत्रू वार करतो, तुम्ही हात बांधून बघता.

इशारा: लेव्हल 'इझी' केली की टायमिंग जातं हा गैरसमज काढून टाका. बऱ्याच गेममध्ये इझी म्हणजे फक्त मार कमी लागतो, बटन तिथेच असतं. सेटिंगच्या पानाचा फोटो नेटवर शोधा, तिथे आपोआप किंवा ऑटो असं काही लिहिलंय का आणि ते कशासाठी लिहिलंय, ते शब्दन् शब्द वाचा.

## 2. तुमच्या टर्नला घड्याळ थांबतं का?

व्हिडिओत आता उलट बघा, खेळणारा मेनू उघडून विचार करतोय तेव्हा. पात्रांच्या नावाशेजारी पट्टी भरतेय का? मेनू उघडा असताना शत्रू वार करून जातो का? तसं असेल तर ते एटीबी आहे, म्हणजे पट्टी भरली की तुमची टर्न, पण तुम्ही विचार करत बसलात तर शत्रूची पट्टी पण भरतच राहते.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ फायनल फँटसीवरून होतो. कोणीतरी म्हणतं "फायनल फँटसी घे, टर्न-बेस्ड आहे", आणि माणूस दुकानात जो सगळ्यात नवा दिसतो तो घेतो. त्या मालिकेत आकड्यावर सगळं आहे. 1 ते 3 शुद्ध टर्नचे, आधी सगळ्यांना हुकूम द्या मग काय होतं ते बघा. 4 ते 9 पट्टीवाले. 10 पुन्हा शुद्ध टर्नचा, पडद्यावर पुढे कोणाचा नंबर आहे त्याची यादीच दिसते. 16 तर सरळ अॅक्शन, त्याच्या वाटेला जाऊच नका. मोबाईलवर खेळायचं असेल तर पहिल्या सहा भागांचे पिक्सेल रीमास्टर, म्हणजे नव्याने केलेल्या आवृत्त्या, अँड्रॉइडवर आहेत, पण त्यातही 1, 2, 3 वेगळे आणि 4, 5, 6 वेगळे हे आता लक्षात आलं असेल.

पट्टीवाल्या गेममध्ये बहुतेक वेळा `Active` आणि `Wait` अशी सेटिंग असते. `Wait` लावलं की सगळं थांबतं असं वाटतं, ते पूर्ण खरं नाही. फायनल फँटसी 7 मध्ये `Wait` लावलं तर जादू किंवा वस्तूंच्या आतल्या यादीत गेल्यावर वेळ थांबतो, पण बाहेरचा मुख्य मेनू नुसता उघडा ठेवून बसलात तर पट्ट्या चालूच. त्यावर सोपा उपाय म्हणजे आपली पाळी आली की आधी जादूची यादी उघडायची आणि मग विचार करायचा. ज्याला थोडं घड्याळ चालतं त्याला एवढ्याने जमून जातं, ज्याला अजिबात नको त्याला नाही.

दुसरा प्रकार स्पेसबारवाला, म्हणजे सगळे एकदम लढतात आणि तुम्ही हवं तेव्हा थांबवता. यातल्या काही गेममध्ये खरी टर्न-बेस्ड सोय दिलेली आहे आणि ती लोकांना माहीतच नसते. पिलर्स ऑफ इटर्निटी 2: डेडफायरमध्ये ती 2019 मध्ये अपडेटने आली, पण ती नवा गेम सुरू करतानाच निवडायची असते. पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियसमध्ये मात्र खेळता खेळता कधीही बदलता येते. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर वीस तास खेळून झाल्यावर कळतं की सोय होती पण आपण पहिल्या पानावर चुकीचं निवडलं.

तपासा: संवाद आपोआप पुढे पळतात का? आपल्याकडे मराठीत हे गेम येत नाहीत, सगळं इंग्रजी वाचायचं, आणि दादासारखा माणूस एकेक वाक्य सावकाश वाचतो. बटन दाबल्यावरच पुढचं वाक्य येईल असं सेटिंग असलं पाहिजे. हे पण एक घड्याळच आहे, फक्त कोणी त्याला तसं म्हणत नाही.

## 3. लढाईच्या बाहेर कुठे पळायला लावतात?

इथपर्यंत सगळं बरोबर आलं तरी गेम इथे दगा देतो, आणि तो पण दहा तासांनी, पैसे परत मिळायची मुदत संपल्यावर.

शोधायचं ते असं: गेमचं नाव आणि पुढे `mandatory minigame` किंवा `chase sequence` किंवा `QTE`, म्हणजे पडद्यावर चिन्ह आलं की लगेच बटन दाबायचं असे प्रसंग, टाकून सर्च करा. आलेल्या उत्तरात एकच गोष्ट बघायची, ते सक्तीचं आहे की ऐच्छिक.

स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक हे सक्तीचं उदाहरण. लढाई थांबवत थांबवत खेळता येते, पण पहिल्याच ग्रहावर एक रेस जिंकल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, आणि नंतर तोफ फिरवून येणारी विमानं पाडावी लागतात. फायनल फँटसी 7 मध्ये पण बाईकवरचा पाठलाग गोष्टीतच आहे, टाळता येत नाही.

ऐच्छिकचं उदाहरण फायनल फँटसी 10. त्यात एका मैदानात वीज पडते आणि ती लागोपाठ 200 वेळा चुकवली की एक बक्षीस मिळतं. लोक हे वाचून घाबरतात आणि गेमच रद्द करतात. अरे नका करू, ते बक्षीस लुलू नावाच्या पात्राच्या खास हत्यारासाठी आहे, ते न घेता गेम आरामात संपतो. त्याच गेममध्ये टायडस या नायकाच्या खास वाराला पट्टीवर बरोबर जागी बटन दाबायचं असतं, चुकलं तरी वार होतो, थोडा कमी लागतो.

तिसरी गोष्ट लपूनछपून जाणं. पर्सोना 5 रॉयलची लढाई शुद्ध टर्नची, पण महालात शत्रू फिरत असतात, त्यांच्या नजरेतून वाचून मागून झडप घालायची असते. सापडलात तर लढाईची सुरुवात वाईट होते, पण बहुतेकांना हे जमतं. बाल्डर्स गेट 3 मध्ये तर यावर फारच छान सोय आहे, लढाई नसताना पण `Shift+Space` दाबलं की आजूबाजूचं जग टर्नमध्ये चालतं, मग पहारेकऱ्याच्या मागून जाताना पण एक पाऊल तुम्ही, एक पाऊल तो.

इशारा: मालिकेचं नाव ओळखीचं असलं तरी ही पायरी सोडू नका. पोकेमॉन म्हणजे टर्न-बेस्ड हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं, पण 2022 च्या लेजेंड्स: आर्सियसमध्ये मोठ्या पोकेमॉनसमोर स्वतः उड्या मारून वार चुकवावे लागतात, आणि 2025 च्या लेजेंड्स: झेड-ए मध्ये तर लढाईच टर्नची राहिली नाही.

## 4. स्टोअरवर चाळणी कशी लावायची

वरच्या तीन पायऱ्या समजल्यावरच इथे या, आधी नाही.

स्टीमवर, म्हणजे कम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, शोधताना `Turn-Based Combat` हा टॅग लावा आणि `Real-Time with Pause` आणि `Quick-Time Events` हे टॅग वगळा. मग कडेला सुलभतेच्या सोयींची यादी असते, त्यात `Playable without Timed Input` असं एक आहे, म्हणजे वेळ साधून बटन न दाबता गेम पूर्ण करता येतो. आपल्या कामाचं नेमकं हेच. पण ही माहिती गेम बनवणारे स्वतः भरतात आणि जुन्या कित्येक गेमला कोणी भरलेलीच नाही. म्हणून ती खूण दिसली तर चांगलं, नाही दिसली म्हणून गेम बाद करू नका, वरच्या तीन पायऱ्यांनी तपासा.

मोबाईलवरच खेळणाऱ्यांना लोक होंकाई: स्टार रेल सुचवतात आणि लढाईपुरतं ते बरोबर आहे, टर्न आली की गेम तुमची वाट बघतो. पण पात्रं लॉटरीसारखी काढायची असतात आणि नेट सतत लागतं, तेव्हा घरात पोराच्या हातात मोबाईल जाणार असेल तर पेमेंटला कुलूप लावून ठेवा.

## 5. दोन तासांत निकाल लावा

स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचे 2 तास पूर्ण व्हायच्या आत मागितले तर पैसे परत मिळतात. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, गेम चालू ठेवून जेवायला जातात. घड्याळ गेम उघडा आहे एवढंच मोजतं, तुम्ही भरीत खाताय की खेळताय ते नाही. दोन, मोठ्या आरपीजीत पहिला तास नुसती गोष्टच असते, खरी लढाई येईपर्यंत मुदत संपत येते. म्हणून आधी व्हिडिओवरची तपासणी आणि मगच खरेदी.

डेमो असेल तर हा प्रश्नच मिटतो. ड्रॅगन क्वेस्ट 11 एस चा फुकट डेमो साधारण 10 तासांचा आहे आणि त्यातला सेव्ह पुढे पूर्ण गेममध्ये चालतो.

तपासा: पहिल्या दोन तासांत मुद्दाम एकदा टर्न आल्यावर हात सोडून पाच मिनिटं बसून राहा. परत आल्यावर सगळं जिथल्या तिथे असेल तर झालं. आणि सेव्ह कुठे होतो ते पण आत्ताच बघून घ्या, आपल्याकडे मे महिन्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपची बॅटरी जुनी असली तर अर्ध्या तासाचा खेळ गेला म्हणून समजा. बाल्डर्स गेट 3 मध्ये `F5` दाबून लढाईच्या मधेही सेव्ह होतो, सगळीकडे तसं नसतं.

## 6. दादाचं शेवटी काय केलं

यादीत चार नावं होती. बाल्डर्स गेट 3 सगळ्या तपासण्यांत पास, पण त्याला 150 जीबी जागा लागते आणि एसएसडी सांगितलीय, दादाच्या लॅपटॉपला ते शक्यच नव्हतं, पहिल्याच मिनिटाला बाद. याकुझा वर सांगितलेल्या मलईमुळे बाद, त्याला चुकलेलं बटन टोचतं. फायनल फँटसी 10 आणि ड्रॅगन क्वेस्ट 11 एस उरले, आणि डेमो फुकट आहे म्हणून आधी ड्रॅगन क्वेस्ट लावला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "भो, यात पण पळावं लागतं." मी चक्रावलो, म्हटलं शक्यच नाही. व्हिडिओ कॉल लावून बघितलं तर दादा लढाईत पात्राला गोल गोल पळवत होता, शत्रूचा वार चुकवायला. या गेममध्ये लढाईचा कॅमेरा सुरुवातीला मोकळा असतो, पात्र मैदानात हलवता येतं, पण त्या हलण्याचा वार लागण्याशी काडीचा संबंध नाही, ते नुसतं दिसायला. सेटिंगमधून क्लासिक कॅमेरा लावला, पात्रं एका रांगेत उभी राहिली, दादाचा जीव शांत झाला.

मग दुसरी तक्रार, "माझी माणसं माझं ऐकत नहीत." ते पण सेटिंगच होतं. सोबतची पात्रं सुरुवातीला स्वतःच्या डोक्याने लढतात. लढाईच्या मेनूत `Tactics` मध्ये जाऊन प्रत्येकाला `Follow Orders` केलं की प्रत्येकाचा हुकूम तुम्ही द्यायचा. बुद्धिबळवाल्या माणसाला हे पहिल्या दिवशीच लावून दिलं पाहिजे होतं, नाहीतर त्याला वाटतं चार सोंगट्यांपैकी तीन दुसराच कोणी हलवतोय. आणि लढाईचा वेग `Normal` वर ठेवला, कारण पुढच्या वेगात शत्रूने नक्की काय केलं ते वाचायच्या आत निघून जातं.

एवढ्या तीन बदलांनी डेमो संपला, दादाने पूर्ण गेम घेतला, सेव्ह पुढे चालू. आता रात्री 11 चे 12 वाजतात आणि वहिनी फोन मला करतात.